अंगाखालचे कापड आणि अंगावरचे कापड

वैशाख संपत आला असताना बोईसरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून गेले सात महिने अंथरुणाला खिळलेल्या. घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत डोक्यावर ऊन ओकत असतो. वातानुकूलन यंत्र नाही आणि बसवण्याचा विचारही नाही. सासूबाईंना त्याचा गारवा सांध्यांना सोसत नाही, आणि विजेचे बिल कोणालाच सोसत नाही. ‘सासूबाईंची पाठ रोज पहाटे भिजलेली असते, लाल झालेली असते, आणि रात्रभर त्या कूस बदलून द्या म्हणून हाका मारतात. बाजारात थंड कापडाच्या चादरी मिळतात म्हणे. कोणती घ्यावी?’ असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा वाटतो, परंतु त्यात एक गृहीत धरलेले आहे. चादर एक, गाऊन एक, आणि त्या दोन्हींसाठी ‘थंड’ असे एकच कापड असावे, असे आपण सारेच समजतो. मी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कापड प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत २४ वर्षे काढली. कापडावर पाण्याचे थेंब टाकून घड्याळ पाहणे हा माझ्या चरितार्थाचा एक भाग होता. त्या अनुभवावरून सांगतो की, थंड असे कोणतेच कापड नसते. कापड घामाच्या वाटेत अडथळा तरी आणते किंवा ती वाट मोकळी तरी ठेवते. आणि अंगाखालच्या कापडाने ही वाट ज्या रीतीने मोकळी ठेवायची, ती अंगावरच्या कापडाच्या रीतीहून अगदी वेगळी आहे. या दोन कामांची गल्लत झाली की चांगले, महागडे सुती कापड घेऊनही पाठ भिजलेलीच राहते.

आधी हवेचे पाहू. नागपूरकडे किंवा खानदेशात उन्हाळ्याची रात्र तापलेली असली तरी कोरडी असते. तेथे वाळ्याचे पडदे भिजवतात, कूलर लावतात, कोणी ओली चादर पांघरून झोपतात. पाणी भराभर उडते आणि गारवा येतो. आपल्या पालघर किनाऱ्यावर तोच प्रयोग केला तर चादर ओलीच राहते आणि माणूस चिंब होतो. हवेतच बाष्प इतके भरलेले असते की ती आणखी बाष्प आळसाने घेते. त्वचेवरचा घाम येथेही उडतो, कारण त्वचा हवेपेक्षा उबदार असते. पण विदर्भातल्या कोरड्या रात्रीच्या मानाने त्याचा वेग निम्म्याच्या आसपास राहतो. त्यात दिवसभर समुद्रावरून येणारा वारा सूर्यास्तानंतर मंदावतो, जमिनीवरून उलटा वाहणारा वारा सुरू व्हायला उशीर लागतो, आणि मधल्या काही तासांत पानही हलत नाही. केळवे-माहीमपासून चिंचणी-डहाणूपर्यंतच्या लोकांना हे तास ठाऊक आहेत. नेमकी हीच वेळ अंथरुणावर पडण्याची.

घाम नुसता येऊन उपयोगाचा नाही; तो त्वचेजवळून उडाला तरच शरीरातील उष्णता घेऊन जातो. टपकलेला किंवा पाठीखाली साचलेला घाम काहीही नेत नाही, उलट त्वचा भिजवून मऊ करतो. वय झाल्यावर घामाच्या ग्रंथी मंदावतात, तहान कमी लागते, आणि रक्तदाबाच्या किंवा मनःशांतीच्या काही औषधांनी शरीराची ही व्यवस्था आणखी ढिली पडते. म्हणून वृद्धांच्या बाबतीत घामाचा थेंबन् थेंब सत्कारणी लागणे महत्त्वाचे ठरते.

पत्र वाचून मी त्या घरी गेलो. बोईसर काही मला परके नाही. पलंगावर फोमची गादी होती. तिच्यावर पूर्ण लांबीचे रेक्झिन अंथरलेले होते, कारण सासूबाईंना कधी कधी लघवीचे भान राहत नाही. रेक्झिनवर एक गोधडी, आणि गोधडीवर गुळगुळीत, फुलाफुलांची नवी चादर. चादर ‘ग्लेस कॉटन’ म्हणून आणलेली होती. सासूबाईंच्या अंगात पूर्ण बाह्यांचा, आतून अस्तर लावलेला गाऊन, आणि त्याच्या आत होजिअरीची बनियन. डोक्यावर छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि स्लॅबजवळची तापलेली हवा खाली ढकलत होता.

प्रथम चादरीकडे वळलो. ग्लेस कॉटन या नावात कॉटन असले तरी बाजारात या नावाने मिळणाऱ्या चादरी बहुधा पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंच्या असतात. ‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’ हे शब्दही तसेच फसवे. पुडक्यावर १००% कॉटन असे स्पष्ट छापलेले नसेल तर ते कापड सुती नाही असेच धरून चालावे. सुती आणि पॉलिएस्टर यांतला फरक एका आकड्यात सांगता येतो. बेताच्या दमट हवेत १०० ग्रॅम कोरडे सूत ७ ते ८ ग्रॅम ओलावा आपल्या तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरीही हाताला कोरडेच लागते. तेवढ्याच वजनाचे पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणजे घाम वाफेच्या रूपात असतानाच सुती चादर त्यातला काही भाग गिळते. पॉलिएस्टरच्या चादरीवर तो वाफ म्हणून अडतो आणि मग पाणी होऊन पाठीशीच राहतो.

दुकानदार म्हणतो की ही चादर लवकर वाळते. ते खरेच आहे, पण दोरीवर. दोरीवर तिच्या दोन्ही बाजूंनी वारा वाहतो आणि तंतूंवर वरवर चिकटलेले पाणी पटकन उडते. खेळाडूंचे घाम पसरवणारे कपडे याच गुणावर चालतात. खेळाडू धावत असतो, वारा लागत असतो. पाठीच्या भाराखाली दबलेल्या चादरीला वारा कोठून मिळणार? तेथे ‘लवकर वाळणे’ हा गुण निरुपयोगी होतो आणि ‘आत सामावून घेणे’ हाच गुण कामाला येतो.

सुनेने विचारले, ‘काका, मग ही गोधडी तरी बरी ना? जुन्या साड्यांची आहे.’ गोधडी खरोखर उत्तम असते, पण ती कोणत्या साड्यांची यावर सारे अवलंबून आहे. आपल्या आज्यांच्या वाकळी सुती लुगड्यांच्या होत्या. सुताचे सहा-सात पदर एकावर एक असल्यामुळे ओलावा खालच्या पदरांत उतरायला जागा असे. गेल्या तीन-चार दशकांत घराघरांतून नेसल्या गेलेल्या साड्या मात्र बऱ्याच अंशी नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या. त्यांची शिवलेली गोधडी दिसायला तशीच, स्पर्शाला मऊ, आणि ओलाव्याच्या दृष्टीने पत्र्यासारखी. मी गोधडीच्या कडेतून दोन-तीन धागे काढून घेतले, स्वयंपाकघरात मोरीच्या वर चिमट्यात धरले आणि काडी लावली. सुताचा धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरडली तर राखेची भुकटी होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी, कडक गोळी राहिली. ही परीक्षा धाग्यांवरच करावी, अंथरुणाजवळ कधीही करू नये, आणि ज्यांचा हात कापतो त्यांनी ती दुसऱ्याकडून करवून घ्यावी. गोळीही झाली आणि राखही पडली तर कापड मिश्र आहे असे समजावे.

तेव्हा वरून खाली पाहिले तर पाठ, पॉलिएस्टर, पॉलिएस्टर, रेक्झिन, फोम अशी ती रचना होती. घामाला जायला एकही दार नव्हते.

आता अंगाखालच्या कापडाचे खरे काम काय ते पाहा. पाठीखाली दबलेला चादरीचा भाग फार तर अर्धा चौरस मीटर भरतो. सर्वसाधारण सुती चादरीचे वजन दर चौरस मीटरला ११० ते १३० ग्रॅम असते. म्हणजे प्रत्यक्ष पाठीखाली ६० ग्रॅमच्या आसपास सूत असते. हे सूत ओले न लागता घेऊन घेऊन किती घेणार? काही ग्रॅम, एखादा चमचाभर. उकाड्याच्या रात्री मात्र अंगातून पेलाभर किंवा त्याहून अधिक पाणी जाते, आणि त्यातला बराच भाग पाठीवाटे. या हिशेबातूनच दोन गोष्टी निघतात. एक, अंगाखाली एकच पातळ चादर पुरत नाही; सुताचे दोन-तीन पदर हवेत. दुसरी, कितीही चांगले सूत असले तरी ते रात्रीत केव्हातरी भरतेच, आणि मग ते बदलल्यावाचून गत्यंतर नाही. सुती कापडाचा हा दोष उघडपणे मान्य केला पाहिजे. ते ओलावा घेते, पण दमट रात्री परत सोडायला तयार नसते. सुती चादरीवर झोपूनही पहाटे पाठ गार-ओली लागते अशी तक्रार पुष्कळ जण करतात, ती याचमुळे.

अंगाखाली मलमलही नको. मऊ म्हणून कित्येक जण म्हाताऱ्या माणसांखाली मलमल अंथरतात. ती क्षणात भरते आणि कूस बदलताना तिच्या चुण्या पडतात. पातळ झालेल्या त्वचेखाली चुणी म्हणजे रात्रभर दाबणारी दोरीच. खाली हवे ते सरळ, साध्या विणीचे, थोडे अंगाचे, अनेकदा धुतलेले सुती कापड. जुन्या जाड सुती धोतराचे किंवा लुगड्याचे कापड त्यासाठी नव्या चादरीपेक्षा सरस. नव्या कापडावर खळ असते. शिवाय सुरकुत्या पडू नयेत म्हणून राळेचा किंवा हाताला गुळगुळीत लागावे म्हणून सिलिकोनचा हात फिरवलेला असतो. आमच्याच धंद्यातल्या या करामती. गिऱ्हाईक दुकानात कापडावरून हात फिरवून निवड करते, म्हणून कारखाना हाताला खूश करतो. पाठीला काय वाटते हे घरी गेल्यावर कळते.

सुताने पाणी घेण्याची तयारी कायम ठेवली आहे की नाही, हे घरी पाहता येते. कापड वाटीच्या तोंडावर ताणून धरावे, चमच्याच्या टोकावरून बोटभर उंचीवरून पाण्याचा एक थेंब टाकावा आणि थेंबाची चकाकी केव्हा जाते ते मोजावे. पाच अंक मोजेपर्यंत थेंब मुरला तर कापड चांगले. मोत्यासारखा बसून राहिला तर एक तर ते सूत नव्हे, किंवा त्यावर लेप आहे. त्या घरातल्या फुलाफुलांच्या चादरीवर थेंब पसरलाच नाही. मग सुनेने कपाटातून एक शुद्ध सुती चादर काढली, आणि तिच्यावरही थेंब वीस-पंचवीस अंक मोजेपर्यंत तसाच राहिला. ती बिचारी खट्टू झाली. चौकशी केली तेव्हा कळले की कपडे मऊ राहावेत म्हणून प्रत्येक धुण्यात शेवटी सुगंधी सॉफ्टनर घातला जातो. त्याचा मेणचट थर तंतूंवर बसतो. दोन धुण्यांत साधी पावडर आणि गरम पाणी, आणि सॉफ्टनर अजिबात नाही, एवढे केल्यावर तीच चादर चार अंकांत थेंब पिऊ लागली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. मीठ पावसाळ्यात पाझरते हे आपण रोज पाहतो. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. घामातही मीठ असते. दोन-तीन रात्री वापरलेली चादर दिवसा वाळल्यासारखी वाटते, पण रात्री हवा दमट झाली की तिच्यातले मीठ पुन्हा ओलावा ओढते आणि अंग टेकण्याआधीच ती सादळलेली असते. म्हणून पाठीखालचे कापड रोज निदान साध्या पाण्यात खळबळून पिळून टाकावे; साबण रोज नसला तरी चालेल. किनारपट्टीवरील ज्या गावांत विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी खारट असते, तेथे शेवटचे खळबळणे तरी गोड्या पाण्यात व्हावे.

आता अंगावरच्या कापडाकडे येऊ. त्याचे काम ओलावा साठवण्याचे नाही. हवा आत-बाहेर जाऊ देण्याचे आहे. येथे तंतूइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, वीण महत्त्वाची. साध्या विणीत प्रत्येक आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. धागे एकमेकांना जागेवर धरून ठेवतात आणि त्यांच्यामध्ये बारीक खिडक्या राहतात. सॅटिनच्या विणीत धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाखाली बुडी मारतो. त्यामुळे पृष्ठभाग चकचकीत होतो, पण धागे दाटीवाटीने एकमेकांना चिकटतात आणि खिडक्या बुजतात. सुती सॅटिन हे सूतच असते, तरी उकाड्याच्या रात्री अंगाला चिकटते ते यामुळे.

चादरीच्या पुडक्यावर ३००, ४०० असे धाग्यांचे आकडे मिरवलेले असतात. एका इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत, त्याची ती मोजणी. आकडा मोठा तितके कापड उंची, ही समजूत थंड देशांतून आलेली. एका धाग्यात पिळलेले दोन-तीन पदर वेगवेगळे मोजूनही आकडा फुगवतात. आपल्या हवेला १४० ते २०० धाग्यांची साधी वीण पुरेशी आहे. पांघरायला काही लागतच असेल तर त्याहूनही विरळ चालेल.

खिडक्या उघड्या आहेत की बुजलेल्या, हे पाहायला यंत्र लागत नाही. कापड एकपदरी करून ओठांवर घट्ट धरावे, पलीकडे तळहात ठेवावा आणि सावकाश फुंकर घालावी. तळहाताला वारा स्पष्ट लागला तर कापड रात्री अंगावर घालण्याजोगे. गाल फुगले आणि हाताला काहीच लागले नाही तर ते कापड कितीही मऊ असो, ठेवून द्यावे. सासूबाईंच्या गाऊनला अस्तरासकट फुंकर घातली तेव्हा माझेच गाल दुखले.

अंगावर घालण्यासाठी मलमल किंवा केंब्रिक ही कापडे पहिल्या पसंतीची. मलमल दर चौरस मीटरला ५० ते ७० ग्रॅमची असते, म्हणजे चादरीच्या निम्मी. तिच्यात सूतच कमी असल्यामुळे ती भिजते थोडे आणि पंख्याच्या वाऱ्याने वाळते लवकर. ती फार पारदर्शक वाटत असेल तर केंब्रिक घ्यावे. सिरसकर नावाचे कापडही येथे फार गुणाचे आहे. त्याच्यात काही उभे धागे ताणून आणि काही सैल सोडून विणतात, म्हणून एक पट्टी सपाट आणि एक पट्टी चुणीदार होते. नावच मुळी ‘शीर-ओ-शकर’ म्हणजे दूध-साखर या फारसी शब्दांवरून आले आहे. चुणीदार पट्ट्यांमुळे कापड त्वचेवर पूर्ण टेकत नाही आणि मधल्या फटींतून हवा खेळते. हिंडत्या-फिरत्या वृद्धांना ते उत्तम. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीमागे मात्र त्या चुण्या टोचू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी मी ते सुचवत नाही.

रेयॉनचे गाऊन अलीकडे फार खपतात. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते, त्यामुळे ते ओलावा सुतापेक्षाही जास्त घेते आणि पहिल्या स्पर्शाला गार लागते. बांबूच्या नावाने विकले जाणारे मऊ कापडही बहुतेक वेळा रेयॉनच असते. पहिला तासभर ते सुखाचे वाटते. पुढे ते भिजून जड होते, अंगाला चिकटते आणि सावकाश वाळते. घाम कमी येणाऱ्या, सडपातळ माणसाला ते चालून जाते; घामाघूम होणाऱ्यास नाही. होजिअरीची बनियन सुती असली तरी तिची वीण ताणून अंगालगत बसण्यासाठीच केलेली असते. दिवसा शर्ट वाचवायला ती ठीक, रात्री नको.

आणि सैलपणा. चालत्या-फिरत्या माणसाच्या सैल कपड्यात हालचालीबरोबर भात्यासारखी हवा आत-बाहेर होते. पुरुषांची लुंगी रात्री इतकी सुखावह वाटते त्याचे हेच कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगात हा भाता चालत नाही, म्हणून तेथे बाहेरचा वारा बाजूने, अंथरुणाच्या पातळीवर द्यावा लागतो.

त्या घरी आम्ही अखेर केले ते असे. रेक्झिन कापून कमरेपासून मांड्यांपर्यंतच्या भागापुरते, सुमारे हातभर रुंदीचे, ठेवले. उरलेल्या गादीवर सुती सतरंजी, आणि तिच्यावर सॉफ्टनर उतरवलेली सुती चादर. चादरीवर आडवा सुती पदर: सासूबाईंच्याच जुन्या सुती नऊवारींचे, दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे दुपदरी तुकडे. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल असा एक तुकडा आडवा अंथरून त्याची दोन्ही टोके गादीखाली ताणून खोचायची, म्हणजे चुणी पडत नाही. असे सहा तुकडे निघाले. रेक्झिनच्या जागी आडव्या पदराचे आणखी एक दुपदरी कापड जास्तीचे. अंगात मलमलीचा, मागून उघडणारा, नाडीचा सैल गाऊन. मागचे दोन्ही पल्ले बाजूला सारून ठेवायचे, म्हणजे पाठीखाली शिवणही नाही आणि बटणही नाही. उशीला दुहेरी सुती अभ्रा. छताचा पंखा मंद, आणि खिडकीच्या बाजूला उभा पंखा पलंगाच्या उंचीवर.

कूस तर दर दोन तासांनी बदलावी लागतेच. रात्री दहाला कोरडा पदर, मग एकच्या सुमारास कूस बदलताना जुना पदर गुंडाळत नेऊन नवा सरकवायचा, आणि पहाटे चारला पुन्हा एकदा. पूर्ण चादर बदलायला दोन माणसे लागतात. पदर बदलायला एकटी सून पुरते. पाठ हलकेच टिपायची, घासायची नाही. पावडर लावायची नाही. घामात तिचा चिखल होतो आणि कातडीच्या घड्यांत तो खरवडतो.

पाठीवरच्या लालीबद्दल मात्र मी कापडाच्या भरवशावर राहू दिले नाही. लालीवर बोट दाबून उचलावे. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ती बहुधा घामोळ्याची किंवा तात्पुरत्या दाबाची. दाबूनही लालच राहिली तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवली पाहिजे. सासूबाईंच्या पाठीवरची लाली पांढरी पडत होती. माकडहाडावरचा एक रुपयाएवढा डाग मात्र पडत नव्हता. तो कापडाचा प्रश्नच नव्हता, दाबाचा होता. डॉक्टरांनी फोमऐवजी हवेची गादी सुचवली. हवेच्या गादीचे वरचे आवरण प्लॅस्टिकचेच असते, त्यामुळे तिच्यावर सुती पदरांची गरज उलट वाढली. तेथे पदर तीन केले, पण त्याहून अधिक नाही. फार जाड थर घातले तर गादीचा दाब कमी करण्याचा गुणच मारला जातो.

दहा दिवसांनी सुनेचा फोन आला. खांद्यांमधली लाली गेली होती, हाका रात्रीतून दोन-तीन वेळांवर आल्या होत्या, आणि डाग वाढलेला नव्हता. तिची नवी तक्रार धुण्याची होती. रोज तीन पदर धुऊन वाळवायचे, उन्हाळ्यात ठीक, पण पाऊस लागला की काय? तक्रार रास्त आहे. पावसाळ्यात कपाटात घडी करून ठेवलेले सूतही हवेतला ओलावा घेऊन अर्धे भरलेले असते; त्याला पाठीचा घाम घ्यायला जागा उरत नाही. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. वापरायच्या पदरांवरून संध्याकाळी गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे मुरलेली वाफ निघून जाते. मग ते गार होऊ द्यावेत आणि रात्रीपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. इस्त्रीचा गरम पदर थेट पाठीखाली घालू नये. पदर सहाऐवजी नऊ-दहा असले तर एक दिवस ऊन न पडले तरी निभावते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वीज रात्री अकरा ते तीन गेली. त्या रात्री पदर, मलमल, सारे असूनही सासूबाई अस्वस्थ होत्या, कारण वारा नसेल तर वरच्या खिडक्या उघड्या असून नसल्यासारख्याच. सुनेने गाऊन काढून नुसता मलमलीचा तुकडा अंगावर टाकला, हातपंख्याने वारा घातला, आणि मान, काखा व तळपाय ओल्या पंच्याने पुसत राहिली. हे तिने योग्यच केले. मात्र अशा वेळी माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापून कोरडे पडले, किंवा हाकेला ओ देईनासे झाले, तर कापडाचा विचार सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे. पाणी वारंवार घोट-घोट द्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरते ते माप डॉक्टरांकडून आधीच पुन्हा विचारून घ्यावे.

ती फुलाफुलांची चादर आता दिवाणावर आहे. सासूबाईंनी फोनवर मला विचारले की त्यांची नऊवारी फाडण्याआधी कोणी त्यांना विचारले होते का. विचारले नव्हते. उरलेल्या तुकड्यांसाठी त्यांनी स्वतः ट्रंकेतले एक इरकली लुगडे काढून दिले, काठ मात्र उसवून ठेवायला सांगितले.